झोपण्याआधी तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या की काळज्या? बारा रात्रींनंतर पडलेला प्रश्न

अनुराधा_सातारा (२ एप्रिल, सकाळी ७.१०)

गेले चार महिने मला अंथरुणाला पाठ टेकल्यावर तासभर झोप लागत नाही. एकदा लागली की सकाळपर्यंत बरी असते. अडतं ते लागण्यापाशीच. वय ४६, बँकेत कर्ज विभागात काम, नवऱ्याची बदली नागपूरला, मुलगा बारावी देऊन आता सीईटीच्या तयारीत, आई फलटणला एकटी. रक्तदाब, थायरॉइड, सगळ्या तपासण्या करून झाल्या, नॉर्मल आहेत.

मैत्रिणीने सांगितलं म्हणून २० मार्चपासून रोज झोपताना वहीत दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायला लागले. प्रत्येक गोष्टीपुढे 'ती का घडली' हेही लिहायचं असतं. बारा रात्री मनापासून लिहिलं, एकही रात्र चुकवली नाही. झोपेत काडीचा फरक नाही, उलट काही रात्री जास्तच वेळ लागला असं वाटतं.

२४ मार्चचं पान जसंच्या तसं देते.

१. आईशी फोनवर छान बोलणं झालं. का? ती संध्याकाळपासून माझ्या फोनची वाट बघत होती.
२. भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीची जुडी तशीच दिली. का? रोजची ओळख.
३. सलीलने न सांगता गॅसचा नंबर लावला. का? मी उशिरा येते हे त्याला आता सवयीचं झालंय.

दिवा मालवला आणि पहिल्या ओळीतली आई डोळ्यांसमोर आली. ती वाट बघत बसते. डाव्या डोळ्याने आता वाचता येत नाही म्हणते. ऑपरेशन कधी करायचं, रजा कोण काढणार? तिथून सलीलवर आले. त्याला माझ्या उशिराची सवय होणं ही चांगली गोष्ट आहे का? साडेबाराला उठून पाणी प्यायले एवढं आठवतं.

आता दुसरी मैत्रीण म्हणते, चांगलं काय लिहितेस, काळज्या लिही, डोकं रिकामं होईल. ज्यांनी दोन्ही करून पाहिलंय त्यांनी सांगा. कुणी यात काम करत असेल तर फारच बरं.

प्रभाकर_जोशी (२ एप्रिल, ८.०२)

अनुराधाताई, मी १९८४ पासून रोजनिशी लिहितो. माझा सल्ला: एक पान एक तारीख अशी छापील डायरी घेऊ नका, लिहिलं नाही की पान कोरं राहून टोचतं. दोनशे पानी साधी वही घ्या. आणि शाईपेन वापरा, हात सावकाश चालतो. रोजनिशीत चांगलं-वाईट दोन्ही यावं, तो दिवसाचा हिशोब असतो.

अनुराधा_सातारा (२ एप्रिल, ८.२०)

जोशीकाका, धन्यवाद. माझा प्रश्न वहीचा नव्हता, लिहिल्याने झोप लवकर लागते का आणि लागत असेल तर काय लिहिल्याने, हा आहे. पण हात सावकाश चालतो हे खरंय, बॉलपेनने मी फार घाईत लिहिते.

मुक्तछंद (२ एप्रिल, ९.४५)

यावर संशोधन झालेलं आहे आणि निकालही लागलेला आहे. अमेरिकेत बेलर विद्यापीठात झोपेच्या प्रयोगशाळेत लोकांना झोपायच्या आधी लिहायला लावलं होतं. ज्यांनी काळज्या लिहिल्या ते चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांपेक्षा नऊ मिनिटं आधी झोपले. म्हणजे तुझी दुसरी मैत्रीण बरोबर आहे. अंथरुणात बसूनच सगळं भडाभडा लिहून काढ, मनात काही ठेवू नकोस, आणि दिवा बंद. मी स्वतः ऑफिसमध्ये राजकारण चालू होतं तेव्हा महिनाभर असं केलंय. हलकं वाटतं.

शलाका_मा (२ एप्रिल, १३.३०)

मी मानसोपचाराचं काम करते, पुण्यात, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे निद्रानाशाचे असतात. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, त्यामुळे आधी एवढंच.

मुक्तछंद, तो प्रयोग मला नीट माहीत आहे. २०१८ सालचा, मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांचा. नऊ मिनिटांचा आकडा बरोबर आहे. पण त्यात कुणीच काळज्या लिहिल्या नव्हत्या आणि कुणी चांगल्या गोष्टीही लिहिल्या नव्हत्या. ५७ निरोगी तरुण होते, १८ ते ३० वयाचे. साडेदहाला दिवे मालवायच्या आधी पाच मिनिटं लिहायचं. अर्ध्यांनी उद्या आणि पुढच्या काही दिवसांत काय-काय करायचं आहे ते लिहिलं, अर्ध्यांनी गेल्या काही दिवसांत काय-काय करून झालं ते. करायच्या कामांची यादी करणारे लवकर झोपले. त्यातही ज्यांची यादी बारीकसारीक तपशिलाची होती ते आणखी लवकर.

'उद्या दहा वाजता अमक्याला फोन करायचा' हे काम झालं. 'अमक्याचं कसं होणार' ही काळजी झाली. दोन्हींचा परिणाम एक असेल असं त्या प्रयोगातून म्हणता येत नाही. आणि 'झालेली कामं' म्हणजे कृतज्ञता नव्हे, त्यामुळे तीन चांगल्या गोष्टींविरुद्धही तो पुरावा नाही.

अनुराधाताई, तुमच्या पानाबद्दल रात्री लिहिते. त्यात खूप काही आहे.

मुक्तछंद (२ एप्रिल, १४.०५)

ठीक, यादी कामांची होती हे मान्य, मी बातमीवरूनच लिहिलं होतं. पण काळजी लिहिल्याने हलकं वाटतं हा माझा अनुभव आहे, तो कसा नाकारणार?

शलाका_मा (२ एप्रिल, २१.१५)

अनुभव नाकारत नाही. हलकं वाटणं आणि झोप लागणं यांत अंतर आहे एवढंच म्हणते.

त्यावर एक नेमका प्रयोग आहे. कॉलीन कार्नी आणि वॉटर्स, २००६. निद्रानाश असलेले ३३ कॉलेजचे विद्यार्थी होते. सगळ्यांनीच काळज्या लिहिल्या. फरक इतकाच की एका गटाने प्रत्येक काळजीपुढे त्यावर काय करता येईल तेही लिहिलं. रात्री डोक्यात चालणारी भिरभिर कमी झाली ती या गटाची. म्हणजे नुसतं ओकून टाकणं पुरत नाही. काळजी कागदावर अर्धवट सोडली तर मन ती तिथून उचलून पुढे नेतं. आणि हे लिखाण झोपताना अंथरुणात करायचं नसतं, संध्याकाळी करायचं असतं.

आता तुमची वही. 'तीन चांगल्या गोष्टी' हा व्यायाम सेलिगमन यांच्या गटाने २००५ मध्ये तपासला तेव्हा त्यांनी मोजलं ते समाधान आणि उदासी. एक आठवडा लिहून लोक सहा महिन्यांनंतरही जास्त समाधानी आढळले, म्हणून तो इतका पसरला. झोप हा त्याचा विषयच नव्हता. 'का घडलं' हा प्रश्नही तिथलाच आहे. उदास माणसाला आपल्या दिवसात काही चांगलं घडतं आणि त्यात आपलाही हात असतो हे दिसावं, यासाठी तो आहे. तुम्ही उदास दिसत नाही, तुम्ही विचारात गुंतलेल्या दिसता. अशा माणसाला रात्री पावणेअकराला 'का' विचारलं की तो कारणं शोधायला लागतो, आणि कारणं शोधणं हे जागं राहण्याचं काम आहे. तुमच्या तीनपैकी दोन ओळींत 'का' विचारल्यावरच काळजी आत आली. ओळी चांगल्याच होत्या.

झोपेचा उल्लेख आला तो एमन्स आणि मॅककलो यांच्या २००३ च्या अभ्यासात. स्नायू आणि नसांचे आजार असलेल्या लोकांनी एकवीस दिवस रोज लिहिलं. कृतज्ञतेचं लिहिणाऱ्यांनी जास्त वेळ आणि ताजंतवानं करणारी झोप लागल्याचं सांगितलं. त्यांनी स्वतः सांगितलेलं, यंत्राने मोजलेलं नव्हे. तेव्हा हा उपाय पोकळ आहे असं मी म्हणणार नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल, तर दोन्ही समोरासमोर ठेवून पाहिलेला एक छोटा प्रयोग कॅनडात झाला आहे, २०११ मध्ये, ४१ विद्यार्थ्यांवर. काळजीचा कागद, कृतज्ञता आणि मनात सुखद चित्र आणणं, असे तीन गट. एका आठवड्यात तिन्ही गटांना थोडा फायदा झाला. कुठलाही गट दुसऱ्याच्या पुढे गेला नाही.

देवदत्त (२ एप्रिल, २२.४०)

एवढ्या छोट्या प्रयोगात फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. एका गटात जेमतेम तेरा-चौदा माणसं असणार. मोठाच फरक असता तरच दिसला असता.

आणि अनुराधाताई, एक विचारू का? तुम्ही बँकेत आहात आणि वही लिहिली २० ते ३१ मार्च. वर्षअखेर. त्या बारा रात्री तुम्ही घरी किती वाजता येत होता?

अनुराधा_सातारा (३ एप्रिल, ६.५०)

देवदत्त, हे माझ्या लक्षातच आलं नाही. साडेआठ-नऊ, ३१ ला तर साडेअकरा. थकीत खात्यांचे फोन रात्री जेवतानाही चालू होते. म्हणजे बारा रात्रींवरून वहीला नावं ठेवणं बरोबर नाही, असंच ना?

शलाकाताई, 'का' बद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी सगळी बारा पानं परत काढली. सात पानांवर दिसतंय. 'का' च्या पुढे जे लिहिलंय त्यातच उद्याची चिंता आहे.

काळजीचा कागद नेमका कसा करायचा ते सांगाल का?

शलाका_मा (३ एप्रिल, २०.३०)

देवदत्तचा मुद्दा फार चांगला आहे, मीही विचारायला हवं होतं.

कागद असा करा. झोपण्याच्या निदान दोन तास आधी, म्हणजे तुमचं अकराचं झोपणं धरलं तर जेवणाच्या आधी. स्वयंपाकघरातलं टेबल चालेल, अंथरूण नको. कोरा कागद घेऊन मधोमध उभी रेघ. डावीकडे 'आज रात्री हे डोक्यात येणार' असं जे-जे वाटतं ते. तीन-चार पुरेत, शोधून-शोधून वाढवू नका. उजवीकडे प्रत्येकाची पुढची पायरी. पूर्ण उत्तर नव्हे. लोक नेमके इथे फसतात. 'आईच्या डोळ्याचं ऑपरेशन' यापुढे 'ऑपरेशन करून घेणे' लिहिलं तर ती काळजीच परत लिहिली. पायरी म्हणजे उद्या किंवा परवा, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटांत होईल असं काही. माहीत नसेल तर कुणाला विचारायचं ते नाव लिहा. आणि ज्याला आज काहीच करता येत नाही तिथे तसंच लिहा, 'आज काही करता येणार नाही.' ती जागा कोरी ठेवू नका.

पंधरा-वीस मिनिटांत संपवा. कागदाची घडी घाला आणि पलंगाशेजारी ठेवा. रात्री ती गोष्ट आली की मनात एवढंच म्हणायचं: हे मी सात वाजता, डोकं ठिकाणावर असताना बघितलंय, कागद इथे आहे. घडी उघडायची नाही. नवीन काही आलं तर एक शब्द घडीच्या बाहेरून लिहायचा, उद्या बघू.

चुकतंय हे ओळखायचं कसं? सात वाजता सुरू केलेला कागद पावणेआठला संपत नसेल आणि उजवी बाजू रिकामी असेल, तर तो कागद काळजी वाढवतोय. तेव्हा थांबवा.

आणि झोप लागायला किती वेळ लागला हे घड्याळात बघू नका. सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहा. रात्री घड्याळ बघणारा माणूस हिशोब करत जागा राहतो.

नाना_वाईकर (३ एप्रिल, २१.५५)

मला लगेच झोप लागते, पण पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. मग साडेपाचपर्यंत कूस बदलत पडतो. वय ७१. हा कागद मलाही चालेल का? की तीन चांगल्या गोष्टी? डोक्यात काळजी अशी काही नसते, जुन्या गोष्टी येतात. ही गेली त्याला तीन वर्षं झाली.

शलाका_मा (३ एप्रिल, २२.२०)

नाना, तुमची तक्रार वेगळी आहे. झोप लागणं आणि मध्येच तुटणं यांची कारणं वेगळी असू शकतात, आणि झोपताना लिहिलेला कागद पहाटे साडेतीनला फारसा उपयोगी पडताना मी पाहिलेला नाही. तुम्ही किती वाजता आडवे होता, दुपारी झोपता का, घोरता का, रात्री लघवीला उठावं लागतं का, हे आधी बघायला हवं. आणि वहिनी गेल्यापासूनच हे सुरू झालं असेल, दिवसाही मन लागत नसेल, तर ते एकदा डॉक्टरांशी बोला. वहीवर सोडू नका.

नाना_वाईकर (४ एप्रिल, ४.४०)

साडेआठला पडतो. बातम्या झाल्या की घरात करायला काही नसतं.

शलाका_मा (४ एप्रिल, ८.१०)

नाना, साडेआठ ते साडेतीन म्हणजे सात तास होतात. तुमच्या वयाला ही झोप कमी नाही, ती लवकर सुरू होतेय. पडण्याची वेळ हळूहळू दहापर्यंत न्यायला काही मार्ग निघतो का बघा. सोसायटीत संध्याकाळी कुणाशी बसणं, रात्री लेकीला फोन, काहीही. डॉक्टरांना भेटाच, पण हे आजपासून करता येईल.

अनुराधा_सातारा (५ एप्रिल, ७.००)

काल पहिला कागद केला. शनिवार होता, सातला बसले, सात वीसला उठले. इथे देते, कारण उजवी बाजू लिहिताना मी दोनदा खोडलं.

डावीकडे: आईचा मोतीबिंदू. उजवीकडे आधी लिहिलं 'लवकर करून घ्यायला हवं'. मग तुमचं वाक्य आठवलं, खोडलं आणि लिहिलं: 'सोमवारी ११ वाजता डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन, एप्रिलअखेरची तारीख विचारणे. दादाला आत्ता मेसेज, त्याला दोन दिवस रजा मिळेल का.' मेसेज तिथेच बसून टाकला. त्याचं 'हो' पण आलं.

डावीकडे: एका खात्याची व्याजाची रक्कम मी चुकीची कळवली असेल. उजवीकडे: 'सोमवारी १० ला फाइल उघडून तपासणे. चुकली असेल तर साडेदहाला साहेबांना सांगणे.'

डावीकडे: सलीलला सीईटीत कमी पडले तर. इथे उजवीकडे आधी मी क्लास, दुसरं कॉलेज, खासगी फी असं चार ओळी लिहीत गेले. परीक्षाच व्हायची आहे. सगळं खोडून लिहिलं: 'आज काही करता येणार नाही.'

डावीकडे चौथं: आईला एकटीला काही झालं तर. त्याच्यापुढे काय लिहावं ते कळलं नाही. शेवटी तेही 'आज काही करता येणार नाही' असंच लिहिलं, पण लिहिताना बरं वाटलं नाही.

रात्री डोळ्याचं आणि व्याजाचं डोक्यात आलंच नाही म्हटलं तरी चालेल. चौथं आलं.

सिस्टर_कल्पना (५ एप्रिल, १५.१५)

मी नर्स आहे, आयसीयूत अकरा वर्षं. मी या धाग्यावर तीन चांगल्या गोष्टींच्या बाजूने लिहिणार आहे.

माझ्याकडे काळजीचा कागद चालत नाही, कारण मला घरी येऊन जे आठवतं त्याची पुढची पायरी नसते. बेड क्रमांक चारचे आजोबा गेले. त्यापुढे उजवीकडे काय लिहू? ते झालेलं आहे. मी घरी आल्यावर अंघोळ करून एक ओळ लिहिते, आजच्या पाळीत कुणाचं काय बरं झालं. परवा लिहिलं, 'व्हेंटिलेटर काढल्यावर मुलीने पहिल्यांदा पाणी मागितलं.' का-बिका मी लिहीत नाही. ते डोळ्यांसमोर जसं दिसलं तसं लिहिते, तिचे कोरडे ओठ, चमचा. मग पडल्यावर आजोबांऐवजी चमचा येतो. दर वेळी नाही, पण येतो.

अनुराधाताई, तुमची चौथी ओळ माझ्या आजोबांसारखी आहे असं मला वाटतं.

शलाका_मा (५ एप्रिल, २१.४०)

कल्पनाताई, तुमची ही पोस्ट मी माझ्या कामासाठी लक्षात ठेवणार आहे.

कृतज्ञता झोपेला मदत करते तर कशी, यावर वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ४०१ लोकांचा अभ्यास केला होता. कृतज्ञ स्वभावाची माणसं बरी झोपतात, आणि दुवा सापडला तो झोपेआधीच्या विचारांत. त्यांच्या डोक्यात त्या वेळी नकोसे विचार कमी आणि सुखद विचार जास्त असतात. लिहिलं म्हणून ते आले हे त्यातून सिद्ध होत नाही, ती एका वेळची पाहणी होती. पण तुमचा चमचा तेच काम करतोय. तो कामाला येतो कारण ते चित्र आहे. त्यातून काही निष्कर्ष काढायचा नसतो.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना आधी विचारते, पडल्यावर डोक्यात नेमकं काय येतं ते चार रात्री बघा. जे येतं त्यावर उद्या काही करता येण्यासारखं असेल तर संध्याकाळचा कागद. करण्यासारखं काहीच नसेल, दुःख असेल किंवा 'असं झालं तर' असेल, तर तिथे कागद थकतो. अशा वेळी झोपताना एखादं छोटं चांगलं चित्र. हा माझ्या कामातला ठोकताळा आहे, प्रयोगाने सिद्ध झालेलं म्हणून सांगत नाही.

देवदत्त (५ एप्रिल, २२.१०)

ठोकताळा म्हणून सांगितलंत ते बरं केलंत. अनुराधाताईंना माझी विनंती, कागद दोन आठवडे करा आणि मग एक आठवडा परत वही करा, एप्रिलमध्येच. म्हणजे मार्चचा गोंधळ वजा होईल. जेवण, चहा, झोपायची वेळ काही बदलू नका.

मुक्तछंद (६ एप्रिल, १०.००)

मी कालपासून उजवी बाजू लिहून बघतोय. पण संध्याकाळी सात वाजता कुठला नोकरदार माणूस रिकामा असतो? मी लोकलमध्ये असतो. म्हणून मी रात्रीच लिहिणार. स्कलिनच्या प्रयोगात झोपतानाच तर लिहिलं होतं.

शलाका_मा (६ एप्रिल, १३.२०)

उद्याच्या कामांची यादी असेल तर रात्री पाच मिनिटं लिहायला माझी हरकत नाही. काळजीचा कागद असेल तर लोकलमधून उतरल्यावर स्टेशनच्या बाकावर करा, पण अंथरुणात नको. अंथरूण आणि विचार करणं यांची जोडी जमली की ती सुटायला वेळ लागतो.

मुक्तछंद (६ एप्रिल, १३.४५)

बघतो. मला अजून पटलेलं नाही.

अनुराधा_सातारा (२५ एप्रिल, ७.३०)

उशिरा लिहितेय, पण ठरवल्याप्रमाणे केलं. ४ ते १७ एप्रिल संध्याकाळचा कागद, १८ ते २४ वही. वहीत 'का' काढून टाकलं आणि कल्पनाताई लिहितात तसं, दिसलं तसं लिहिलं. वेळेचे आकडे सकाळचे अंदाजाने.

मार्चच्या बारा रात्रींची सरासरी मी आठवून सत्तर मिनिटं काढली. कागदाच्या चौदा रात्रींची चाळीस. वहीच्या सात रात्रींची पंचेचाळीस.

देवदत्त, तुमचं खरं निघालं. सत्तरवरून जे उतरलं त्यातलं बरंचसं मार्च संपल्यामुळे उतरलं असणार, नाहीतर वही परत सुरू केल्यावर आकडा वर गेला असता. या आकड्यांवरून कागद जिंकला असं मी म्हणणार नाही.

पण रात्री वेगवेगळ्या काढून बघितल्या तर थोडं दिसतं. रविवारची रात्र माझी सगळ्यात वाईट असते. कागदाच्या दोन्ही रविवारी अर्ध्या तासात झोपले. वहीच्या रविवारी, म्हणजे १९ ला, दीड तास. त्या रात्री वहीत लिहिलं होतं ते खरोखर छान होतं, आईने फोनवर तिच्या अंगणातल्या मोगऱ्याच्या कळ्या मोजून सांगितल्या होत्या, सतरा. तरी सोमवारच्या तीन फायली कळ्यांच्या मधून येत राहिल्या. उलट २२ ला आईचा फोन लागेना, शेजारच्या काकूंनी जाऊन बघितलं, ती देवळात होती. असल्या रात्री मी एरवी जागीच असते. वहीत मी देवळातून परत येऊन दार उघडणारी आई लिहिली, तिच्या हातातली खोबऱ्याची वाटी लिहिली, आणि लवकर झोपले. किती लवकर ते आठवत नाही.

एकेका रात्रीवरून काही ठरत नाही हे कळतं. आता मी रविवार ते गुरुवार कागद ठेवणार आहे, आणि काही करता येण्यासारखं नसेल त्या रात्री वही.

आईचं ऑपरेशन २९ ला आहे. दादा २८ ला येतोय.

देवदत्त (२५ एप्रिल, ९.१५)

तीनच रविवार आहेत हे लक्षात असू द्या. मे महिन्यात आणखी चार मिळाले की परत लिहा.

नाना_वाईकर (२५ एप्रिल, ११.२०)

मी आता साडेनऊला पडतो. जाग पाच-दहा मिनिटं कमी-जास्त साडेचारला येते. कल्पनाताईंची पोस्ट वाचून मीही रात्री एक ओळ लिहितो. डॉक्टरांकडे बुधवारी जाणार आहे. अनुराधा, आईचा डोळा झाला की कळव.

सिस्टर_कल्पना (२५ एप्रिल, २३.०५)

ताई, ऑपरेशननंतर थेंब किती वेळाने घालायचे त्याचा तक्ता डिस्चार्जच्या कागदावर मिळेल, तो मोठ्या अक्षरात लिहून आईंच्या पलंगाजवळच्या भिंतीला लावा. २९ च्या कागदावर उजवीकडे लिहून ठेवा.